राउटर ते पलंग: एक तिरकी रेघ

फ्लॅट घेताना बिल्डरने दिलेला नकाशा बहुतेक घरांत करारनाम्याच्या फाइलमध्ये पडून असतो. बेडरूममध्ये वाय-फाय येत नाही म्हणून नवा राउटर आणायला निघालेल्या माणसाने आधी ती फाइल काढावी. नकाशावर राउटर आहे तिथे एक ठिपका द्यायचा, रात्री ज्या उशीवर फोन धरून पडतो तिथे दुसरा द्यायचा आणि पट्टी लावून दोन्ही जोडायचे. बहुतेक घरांत ही रेघ दारांमधून जात नाही. ती तिरकी जाते, एखादी भिंत कापते, न्हाणीघरातून आरपार निघते, आणखी एक भिंत कापते आणि नेमकी लोखंडी कपाटाच्या पाठीवर जाऊन थांबते. आपण हॉलमधून बेडरूममध्ये चालत जातो तो रस्ता वेगळा आणि रेडिओलहरींना कापावा लागणारा रस्ता वेगळा. तक्रारीचं मूळ बहुतेकदा या फरकात सापडतं.

पण रेघेवर दोष टाकण्याआधी एक खात्री करून घ्यायला हवी. ‘नेट चालत नाही’ या एकाच वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. एक, बाहेरून घरात येणारं इंटरनेटच मंद आहे. दोन, ते राउटरपर्यंत व्यवस्थित येतंय, पण राउटरपासून आपल्यापर्यंत पोहोचत नाही. हॉलमध्ये सगळं सुरळीत असेल तर दुसऱ्याचाच संशय जास्त, पण तपासायला मिनिटभरच लागतं. लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये बसा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे लिहा:

```
ping 192.168.1.1
```

हा पत्ता राउटरचा. काही घरांत तो 192.168.0.1 असतो, `ipconfig` असं लिहिलं की Default Gateway या शब्दांपुढे आपल्या घरातला खरा पत्ता दिसतो. लॅपटॉप राउटरला हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. या हाकेला घराबाहेर जावंच लागत नाही, म्हणून केबलवाल्याच्या लाइनचा इथे काही संबंध नाही. राउटरशेजारी बसून केलं तर उत्तर साधारणपणे काही मिलिसेकंदांत येतं. बेडरूममध्ये तेच उत्तर कधी पाच, कधी तीनशे मिलिसेकंदांत येत असेल आणि मधूनच Request timed out दिसत असेल, तर कस्टमर केअरला फोन लावण्यात अर्थ नाही. दोष घराच्या आत आहे.

आता मोजमाप. फोनवरच्या त्या तीन-चार कमानी मोजमापाच्या कामाच्या नाहीत. कुठल्या आकड्याला किती कमानी दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे एकाच जागी दोन फोन वेगवेगळं सांगतात. खरा आकडा डीबीएम या एककात असतो आणि तो उणे असतो. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारची अ‍ॅप्स तो दाखवतात. ती लोकेशनची परवानगी मागतात, कारण आसपासची नेटवर्क शोधायला अँड्रॉइड ती मागतोच. आयफोनवर अ‍ॅपलचंच AirPort Utility हे अ‍ॅप घेऊन फोनच्या सेटिंगमध्ये त्याचं Wi-Fi Scanner चालू करावं लागतं. मॅकवर Option कळ दाबून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या खुणेवर क्लिक केलं की RSSI या नावाने आकडा येतो. विंडोजवर

```
netsh wlan show interfaces
```

असं लिहिलं की Signal टक्केवारीत दिसतो. त्या टक्क्यांची निम्मी करून त्यातून शंभर वजा केले की डीबीएमचा अंदाजे आकडा मिळतो. म्हणजे ६० टक्के दिसले तर उणे ७०.

हे आकडे वाचायची रीत थोडी वेगळी आहे. दर १० डीबीएमला सिग्नलची ताकद दहापटीने बदलते आणि दर ३ डीबीएमला साधारण दुपटीने. उणे ६० आणि उणे ८० हे दिसायला शेजारी वाटतात, पण दोघांत शंभर पटींचा फरक आहे. राउटरपासून हातभर अंतरावर उणे ३५-४० दिसतं. उणे ६७ च्या अलीकडे असेल तर व्हिडिओ कॉलसुद्धा निर्धास्त चालतो. उणे ७० च्या पलीकडे अडखळायला लागतं, उणे ८० ला जोडणी दिसते पण पान उघडत नाही, आणि उणे ९० ला फोन हात टेकतो. राउटर साधारण ०.१ वॉटने प्रसारण करतो असं धरलं, तर उणे ८० ला फोनच्या हाती त्यातला एक हजार कोटीवा भाग लागतो. इतक्यावरही तो काहीतरी वाचू शकतो याचंच खरं तर नवल करायला हवं.

हिशेबाला डोंबिवलीतलं एक नमुन्याचं घर घेऊ. विटांच्या बांधकामाची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची सोसायटी, दोन बेडरूमचा फ्लॅट. फायबरची वायर मुख्य दारावरून आत आली, म्हणून केबलवाल्याने दाराशेजारच्या टीव्ही युनिटमध्ये, टीव्हीच्या मागे, डबा बसवून दिला. त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्याला दिवसात अशी अनेक घरं करायची असतात आणि कमी वायरीत काम उरकायचं असतं. पलंग कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलेलंही नसतं. मागच्या बेडरूममधला पलंग या डब्यापासून सरळ रेषेत ८ मीटरवर. मध्ये पॅसेजची भिंत, मग न्हाणीघराच्या दोन भिंती, आणि शेवटच्या भिंतीला टेकून बेडरूममधलं लोखंडी कपाट.

या घरात ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर राउटरपासून एका मीटरवर उणे ३८ मिळतात असं धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ ने पडतो. एकाचे दोन मीटर, दोनाचे चार, चाराचे आठ, असे तीन दुपटींचे १८ गेले. म्हणजे मध्ये काहीच नसतं तर पलंगावर उणे ५६ मिळायला हवे होते, आणि त्यावर कोणीही खुशीत सिनेमा पाहिला असता. प्रत्यक्षात फोन दाखवतो उणे ८४. मधले २८ भिंतींनी आणि कपाटाने खाल्ले.

या वजाबाकीतून हे कळतं की या घरात अंतर गुन्हेगार नाही. आठ मीटर हे वाय-फायला काहीच नाही. मैदानात राउटर ठेवला तर पन्नास मीटरवरही फोन जोडलेला राहील. खोक्यावर छापलेली लांबीची आश्वासनं अशाच मोकळ्या जागेतली असतात आणि डोंबिवलीच्या फ्लॅटशी त्यांचा संबंध नसतो. प्रसारणाच्या ताकदीला सरकारी कमाल मर्यादा असल्याने, चार अँटेनांचा राउटर दोन अँटेनांच्या राउटरपेक्षा दुप्पट लांब जातो असंही होत नाही. नव्या महागड्या डब्याने या उणे ८४ चे उणे ८० होतील, फार तर उणे ७८. भिंतींचं काही केलं नाही तर पैसे वाया.

तर भिंतींकडे नीट पाहू. आपल्याकडे घरातली आतली भिंत बहुधा साडेचार इंची विटांची असते आणि दोन्ही बाजूंना प्लास्टर. अशी भिंत ५ गिगाहर्ट्झला साधारण ५ ते ८ खाते. बाहेरची किंवा दोन फ्लॅटमधली नऊ इंची भिंत त्याच्या जवळपास दुप्पट. सिमेंट काँक्रीटची भिंत सहा इंची असली तरी १५ ते २५ सहज घेऊन जाते. आकडे ढोबळ आहेत, कारण भिंत ओली आहे की कोरडी यावरही ते हलतात. न्हाणीघराची ओल धरलेली भिंत जास्त खाते. पाणी या लहरी शोषून घेतं. वाटेतलं माशांचं मोठं टाकं, माळ्यावरची भरलेली पाण्याची टाकी, पलंगावर आपल्या आणि राउटरच्या मध्ये झोपलेला माणूस, सगळे याच वर्गातले.

विटांच्या भिंतीत एक गोष्ट मात्र बाहेरून दिसत नाही. काँक्रीटचा बीम किंवा कॉलम आणि विटांचं काम जिथे मिळतं तिथे पुढे तडा जाऊ नये म्हणून गवंडी प्लास्टरखाली चिकन मेश, म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी ठोकतो. न्हाणीघरात पाइपांसाठी भिंत फोडून परत बुजवली असेल तर त्या पट्ट्यावरही ती लागते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सहा सेंटिमीटरच्या आसपास, २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा. जाळीची भोकं असतात दीड-दोन सेंटिमीटरची. लहरीच्या लांबीपेक्षा भोक इतकं लहान असलं की जाळी रेडिओला जवळजवळ पत्र्यासारखीच वाटते आणि तिला परत फेकते. स्लॅबमधल्या सळयांची जाळी त्या मानाने विरळ, पंधरा-वीस सेंटिमीटरवर एकेक सळई. तिथे सळयांइतकंच स्वतः काँक्रीटही नुकसान करतं. ‘त्याच जाडीच्या दोन भिंती, पण एकीमागे सिग्नल आहे आणि दुसरीमागे नाही’ हे कोडं पुष्कळदा प्लास्टरखालच्या जाळीने सुटतं.

रेघ तिरकी असण्याचाही तोटा होतो. भिंतीवर लहर सरळ समोरून आली तर तिचा बराच भाग आत शिरतो. ती भिंतीला घसटून, अगदी निमुळत्या कोनात आली तर मोठा भाग आत न शिरता परावर्तित होतो. शिवाय तिरकी रेघ मुळातच जास्त भिंती कापते. म्हणून कधीकधी राउटर पलंगापासून थोडा लांब नेऊनही सिग्नल सुधारतो, कारण तीनऐवजी एकच भिंत आणि तीही समोरासमोर आडवी येते. अंतराचे तीन-चार डीबीएम घालवून भिंतींचे पंधरा वाचवायचा हा सौदा असतो.

कपाटाबद्दल वेगळं सांगायला नको. पत्र्यातून काहीच जात नाही, जे येतं ते कडेकडेने आणि दुसऱ्या भिंतींवर आपटून. वॉर्डरोबच्या दारावरचा मोठा आरसाही मागच्या धातूच्या लेपामुळे हेच करतो. आणि टीव्ही! राउटर टीव्हीच्या मागे लपवणं दिसायला छान, पण टीव्हीच्या पाठीत धातूचे पत्रे असतात. घरातल्या अर्ध्या दिशा तिथेच बंद होतात.

मग ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ का वापरू नये? वापरावं, आणि पुष्कळ राउटर एकाच नावाखाली दोन्ही चालवतात, फोन आपला आपण निवडतो. २.४ ची लहर भिंतीतून जास्त सहज जाते. त्याच घरात एका मीटरवर उणे ३४, आठ मीटरवर भिंतींविना उणे ५२ अपेक्षित, आणि पलंगावर प्रत्यक्ष उणे ७०. भिंतींनी खाल्ले १८, म्हणजे ५ गिगाहर्ट्झपेक्षा दहा कमी. उणे ७० वर मेसेज जातील, गाणी चालतील. पण या पट्ट्यात गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीत अ‍ॅनालायझर उघडला तर शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं तिथेच कोंबलेली दिसतात. ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात. त्यामुळे सिग्नलचा आकडा बरा आणि वेग मात्र रडका, असं २.४ वर वारंवार होतं. आकडा बरा असून वेग नाही, तर गर्दी. आकडाच वाईट, तर भिंत. एवढा फरक लक्षात ठेवला तरी निदान निम्मं झालं.

एक आणखी लक्षण ओळखण्यासारखं आहे. वाय-फाय दुतर्फी बोलणं आहे. राउटर भिंतीतल्या वीजजोडणीवर चालतो, फोन बॅटरीवर, म्हणून फोनचा आवाज बहुधा राउटरपेक्षा दुबळा. बेडरूममध्ये कमानी ठीक दिसतात, समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, पण ‘अगं, तुझा आवाज तुटतोय’ अशी तक्रार येते, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो उतरतात आणि आपला फोटो मात्र गोल फिरत राहतो. फोनला राउटर ऐकू येतोय, राउटरला फोन नाही. कमानी फोनने ऐकलेल्या आवाजावर काढलेल्या असतात, त्या ही अर्धी बाजू सांगूच शकत नाहीत. आणि दुबळ्या सिग्नलवरचा फोन स्वतःपुरताच त्रास देतो असंही नाही. त्याला प्रत्येक गोष्ट सावकाश आणि पुन्हापुन्हा सांगावी लागते. तेवढा वेळ हवा अडलेली राहते आणि हॉलमधल्या टीव्हीलाही थांबावं लागतं.

आता इलाज, आणि पहिला इलाज फुकटचा. एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायचा, आणि वायर पोहोचेल तिथवर राउटर हातात धरून फिरवायचा. एकजण राउटर धरून उभा, दुसरा पलंगावर अ‍ॅप उघडून आकडे ओरडतोय, असं दृश्य अर्धा तास चाललं तरी हरकत नाही. पुष्कळदा केबलवाल्याने युनिटमागे दोन-चार मीटर जास्तीची फायबर वायर वेटोळं करून ठेवलेली असते. ती सोडवताना कोपऱ्यावर घट्ट दुमडायची नाही, आत काच असते. डब्यावर LOS लिहिलेला लाल दिवा लागला तर वायर कुठेतरी दबली किंवा तुटली असं समजायचं. दोनदा आकडा घेऊन खात्री करावी, कारण हे आकडे एकाच जागीही दोन-तीनने वरखाली होत राहतात. फोन हातात पालथा धरला तरी बदलतात.

डोंबिवलीच्या घरात डबा टीव्हीमागून काढून पॅसेजच्या तोंडाशी, दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर ब्रॅकेटवर नेला. इथून रेघ पॅसेजमधून सरळ धावते आणि पलंगापर्यंत एकच भिंत समोरासमोर कापते. अंतरही ६ मीटरवर आलं. हिशेब असा: उणे ३८ मधून सहा मीटरचे साधारण १६ गेले, उणे ५४. त्यात एका भिंतीचे आणि किरकोळ अडथळ्यांचे दहा. उणे ६४. आधीच्या उणे ८४ शी तुलना केली तर शंभरपट ताकद, आणि पैसे फक्त ब्रॅकेटचे. हॉलमधला सोफा चार मीटरवरच आहे, त्याचं काही बिघडलं नाही. कपाट मात्र आहे तिथेच राहिलं, कारण नवी रेघ त्याला लागतच नाही.

उंचीचं कारण साधं आहे: जमिनीलगत फ्रीज, सोफे, टेबलं, माणसं सगळी वाटेत येतात, डोक्याच्या वर मोकळं असतं. राउटरला उभ्या काड्या असतील तर आणखी एक बारकावा. काडीतून निघणारा सिग्नल मेदूवड्याच्या आकाराचा असतो: काडी त्याच्या भोकातून उभी गेलेली, आणि सिग्नल आजूबाजूला पसरलेला. काडीच्या टोकाच्या दिशेने फारसं काही जात नाही. म्हणून एकाच मजल्यावर पसरवायचं तर काड्या उभ्या ठेवायच्या. वरच्या मजल्यावरच्या खोलीत पोहोचवायचं तर एखादी काडी आडवी करून पाहायची. काडीचं टोक बेडरूमकडे ‘रोखून’ धरणारे लोक नेमकं उलटं करतात.

काही घरांत राउटर कुठेही फिरवला तरी आकडा हलत नाही. मुंबई-पुण्यातल्या गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ उंच इमारती मायवान पद्धतीने बांधल्या जातात: अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि स्लॅबबरोबर भिंतीही सळया घालून काँक्रीटमध्ये एकदमच ओतायच्या. विटा जवळपास नाहीतच. ड्रिल मारायला गेलेल्या प्रत्येकाला ही भिंत माहीत असते. अशा घरात बेडरूमची प्रत्येक भिंत १५-२० खाते आणि उपाय उरतो दार. दार उघडं ठेवून आणि बंद करून आकडा घ्या. उघड्याने चांगला फरक पडत असेल तर सिग्नल भिंतीतून नव्हे, दारातूनच येतोय. कोकणात चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात आणि जुन्या वाड्यांतही असंच होतं. तिथे एका राउटरने घर भागवायचा हट्ट सोडलेला बरा.

इथे लोक एक्स्टेंडर आणतात आणि तो बेडरूममधल्या प्लगला लावतात, जिथे सिग्नल नाही नेमकं तिथे. त्याच्या खुणेवर पूर्ण कमानी येतात आणि नेट तसंच. एक्स्टेंडर नवं काही निर्माण करत नाही, ऐकलेलं पुन्हा सांगतो; त्यालाच नीट ऐकू येत नसेल तर तो काय सांगणार? त्याची जागा वाटेत, जिथे मूळ राउटरचा आकडा उणे ६० ते उणे ६५ असतो तिथे. आणि साधा एक्स्टेंडर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येतो हे गृहीत धरायचं. मेशचे महागडे डबे यापेक्षा हुशार असतात, पण त्यांनाही एकमेकांशी हवेतूनच बोलावं लागत असेल तर मधल्या भिंती त्यांनाही त्याच आडव्या येतात.

भिंतीला न जुमानणारी वस्तू एकच, लॅनची वायर. कॅट ६ ची केबल शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, घरात वीस मीटर पुरते. भिंत फोडायची गरज नसते. इलेक्ट्रिशियन केसिंगच्या पट्टीतून छताच्या कडेने नेतो, किंवा जुन्या डिश टीव्हीच्या, टेलिफोनच्या वायरीच्या नळीतून ओढतो. मायवानच्या घरात एसीच्या तांब्याच्या पाइपसाठी भिंतीत पाडलेलं भोक असतं, तिथूनही वाट काढता येते. वायरीच्या बेडरूमकडच्या टोकाला घरात धूळ खात पडलेला जुना राउटर चालतो. वायर त्याच्या WAN नव्हे तर LAN लिहिलेल्या भोकात घालायची. त्याच्या सेटिंगमधलं DHCP बंद करायचं, नाहीतर घरातल्या फोनांना पत्ते वाटायला दोन-दोन कारभारी होतात आणि मधूनमधून कोणाचंतरी नेट विनाकारण जातं. आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलून 192.168.1.2 असा, मूळ राउटरपेक्षा वेगळा पण त्याच रांगेतला, ठेवायचा. सेटिंगमधले हे दोन्ही बदल वायर जोडण्याआधी, लॅपटॉप थेट त्या जुन्या राउटरला लावून केलेले बरे.

नाव आणि पासवर्ड दोन्ही राउटरना सारखेच ठेवले तर फोन आपोआप जवळचा पकडतो, पण लगेच नाही. बरेच फोन हॉलमधल्या राउटरला उणे ७५-८० पर्यंत चिकटून राहतात, शेजारी उणे ४० चा बसलेला असला तरी. बेडरूममध्ये आल्यावर नेट रेंगाळलं तर फोनचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावं. आकडा एकदम चाळीसच्या घरात आला तर वायर, राउटर, भिंत सगळं ठीक आहे, फोनच जुनी जागा सोडत नव्हता. हे रोजचंच होऊ लागलं तर दुसऱ्या राउटरला वेगळं नाव द्यावं आणि हॉलमधल्या राउटरच्या प्रसारणाची ताकद सेटिंगमध्ये Transmit Power असेल तर High वरून Medium वर आणावी. हॉलला तेवढी पुरते, आणि बेडरूममध्ये त्याचा आकडा इतका पडतो की फोनला त्याला सोडावंच लागतं.